कॉपी, कॉलेज आणि ऑनर कोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनर कोड म्हणजे नेमकं काय? परीक्षेच्या फॉर्मवर सही करतो, तेच ना?

नाही. सही हा त्यातला सगळ्यात दिसणारा आणि बहुधा सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. जुन्या अर्थाने ऑनर कोड ही एक पूर्ण व्यवस्था असते. विद्यार्थी लेखी शपथ देतात, पेपर वाटून शिक्षक वर्गाबाहेर निघून जातात, कुणी कॉपी करताना दिसलं तर ते कळवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांवर असते आणि आरोपाची सुनावणीही विद्यार्थ्यांचीच समिती करते. म्हणजे देवाणघेवाण आहे: आम्ही तुमच्यावर पहारा ठेवत नाही, बदल्यात तुम्ही एकमेकांना सांभाळा.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात याची सुरुवात 1842 मध्ये झाली. त्याआधी दोन वर्षं विद्यार्थी आणि प्राध्यापकांमधले संबंध इतके बिघडले होते, की तोंडाला मुखवटा लावलेल्या एका विद्यार्थ्याने एका प्राध्यापकाला गोळी घातली होती. त्या वातावरणात अविश्वास कमी करायचा उपाय म्हणून परीक्षेत मदत न घेतल्याचं प्रमाणपत्र विद्यार्थ्याने स्वतःच लिहून द्यायचं, असं ठरलं. प्रिन्स्टनमध्ये 1893 साली विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने असाच कोड आला, स्टॅनफर्डमध्ये 1921 मध्ये.

आज बऱ्याच कॉलेजांत "ऑनर कोड" या नावाखाली फक्त सहीचा कागद असतो. पर्यवेक्षक असतोच, समितीवर सगळे शिक्षकच असतात आणि कागद फाइलला लागतो. या दोन गोष्टींचा परिणाम सारखाच असेल, असं धरून चालणं ही या विषयातली सर्वात सामान्य गफलत आहे.

कॉपी करणारे असे किती असतात?

1964 मध्ये विल्यम बावर्स यांनी अमेरिकेतल्या 99 कॉलेजांतल्या पाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी कधी ना कधी काहीतरी गैरप्रकार केल्याचं कबूल केलं. आकडा मोठा वाटतो, पण "काहीतरी" या शब्दात पेपरमध्ये चिठ्ठी नेणंही येतं आणि एखाद्या लेखातलं वाक्य संदर्भ न देता उचलणंही येतं. रोज कॉपी करणारा आणि तीन वर्षांत एकदा केलेला, दोघंही त्यात एकाच रकान्यात बसतात.

तीस वर्षांनी, 1993 मध्ये, डोनाल्ड मॅककेब यांनी त्यातल्याच नऊ विद्यापीठांत पुन्हा पाहणी केली. परीक्षेत दुसऱ्याचं बघून लिहिणाऱ्यांचं प्रमाण 26 टक्क्यांवरून 52 टक्क्यांवर गेलं होतं. त्याहून मोठी उडी मनाई असताना गृहपाठ मिळून करण्यात होती: 11 टक्क्यांवरून थेट 49 टक्के. दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो, कारण तिथे बऱ्याच मुलांना आपण गैर काही करतोय असं वाटतच नाही.

मुलं कॉपी का करतात? अभ्यास नसतो म्हणूनच ना?

अभ्यास नसणं हे कारण आहेच, पण अभ्यास नसलेले सगळे कॉपी करत नाहीत आणि अभ्यास असलेलेही करतात. 1928 मध्ये हार्टशॉर्न आणि मे या दोन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी मिळेल अशा वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवेलच असं नव्हतं. मुलांचे प्रामाणिक आणि अप्रामाणिक असे दोन सरळ गट पडले नाहीत. परिस्थिती बदलली की वागणं बदलत होतं.

म्हणून "कोणती मुलं" यापेक्षा "कोणत्या कामात" हा प्रश्न जास्त कामाचा. प्रयोगशाळेचं जर्नल घ्या. लंबकाचा प्रयोग आहे, `g` ची किंमत काढायची आहे. विद्यार्थी लांबी 100 सेंटीमीटर ठेवतो, 20 आंदोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर मोजतो. वेळ साधारण 40 सेकंद येतो. बटण दाबण्यात हाताची चूक सहज 0.2 सेकंदाची होते, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे ती दुप्पट होऊन `g` मध्ये एक टक्का होते, म्हणजे 9.8 च्या दोन्ही बाजूंना साधारण 0.1. तेव्हा खऱ्या मोजणीतून पाच लांब्यांना 9.71, 9.86, 9.79, 9.92, 9.74 असं काहीतरी यायला हवं. जर्नलमध्ये मात्र 9.80, 9.81, 9.80, 9.81, 9.80 असतं. मुलाने उत्तर आधी घेतलं आणि त्यावरून रीडिंग मागे काढली, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

आता त्याने असं का केलं ते बघा. मागच्या खेपेला 9.6 आलेल्या मुलाला "परत करून आण" म्हणून पाठवलं आणि 9.8 लिहिलेल्याचं जर्नल तपासून मिळालं. गुण मोजणीला नव्हते, उत्तर जमण्याला होते. इथे जर्नलच्या पहिल्या पानावर कितीही कडक शपथ छापली तरी रीडिंग मागूनच येणार. उलट रीडिंगमधला फरक कशामुळे आला हे चार ओळींत लिहायला सांगून त्याला गुण दिले, तर बनावट रीडिंगवाल्यालाच ते चार शब्द सुचत नाहीत.

पण चुकीचं आहे हे त्यांना कळत असतं ना?

बहुतेकांना कळत असतं. साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये बालगुन्हेगारांबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, ते इथे तंतोतंत लागू पडतं. नियम चूक आहे असं ती मुलं म्हणत नव्हती. नियम बरोबर आहे, फक्त या वेळी मला तो लागू नाही, असं म्हणत होती. कॉलेजात हीच वाक्यं रोज ऐकू येतात: "सरांनी शिकवलंच नाही", "या विषयाचा पुढे काय उपयोग?", "मी त्याला फक्त दाखवलं, घेतलं त्याने", "सगळेच करतात". यातली पहिली तीन वाक्यं माणसागणिक बदलतात. चौथं वाक्य सगळ्यात जड आहे.

"सगळेच करतात" हे निमित्त आहे की खरं कारण?

दोन्ही. 1990 च्या सुमारास मॅककेब आणि लिंडा ट्रेव्हिन्यो यांनी 31 कॉलेजांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली. कॉपीशी सर्वात घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती आजूबाजूचे विद्यार्थी काय करतात याबद्दलची समजूत. पकडले जाण्याची भीती आणि शिक्षेची कठोरता तिच्या मागे होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कॉपी करणारा स्वतःच्या समाधानासाठीच सगळे करतात असं म्हणत असेल. म्हणून 2008 मधला लष्करी अकादमींवरचा अभ्यास महत्त्वाचा. तिथे विद्यार्थ्यांना आपला गट निवडता येत नाही, अकादमी ठरवते. त्यामुळे कॉपी करणारे एकत्र जमले, ही शंका बरीच कमी होते. तरीही गटात एक कॉपी करणारा वाढला की त्याच्याखेरीज सरासरी अर्ध्याहून अधिक नवा कॉपी करणारा तयार होतो, असं दिसलं. माणसं अर्धी नसतात, पण अर्थ लक्षात आला असेल: असे दहा आले, तर ते आणखी पाचसहा जणांना तरी ओढतात. आणि या अकादमींत कडक ऑनर कोड आहेत, ही गोष्ट नजरेआड करू नये.

मग ऑनर कोड असलेल्या कॉलेजांत कॉपी कमी होते का?

मॅककेब यांच्या पाहण्यांत कमी दिसते, आणि पुन्हा पुन्हा दिसते. कमी म्हणजे नाहीशी नव्हे. शिवाय दोन अडचणी आहेत.

पहिली, ही स्वतः दिलेली कबुली आहे. "मी कॉपी करत नाही" असं शपथेवर लिहून दिलेल्या मुलाला सर्व्हेत "केली" असं लिहिणं जास्त जड जातं. म्हणजे कोडमुळे कॉपी कमी झाली की कबुली, हे पाहणीवरून वेगळं काढता येत नाही.

दुसरी, कोड असलेली कॉलेजं बहुतेक लहान, खासगी आणि निवासी असतात. वर्गात वीस मुलं, शिक्षक नावाने ओळखतो, जेवायला सगळे एकत्र. अशा जागी कोड नसता तरी कॉपी कमीच असती, असं म्हणायला जागा उरते. त्याच पाहणीत शंभर वर्षांहून जुना कोड असलेल्या एका कॉलेजात कॉपी बऱ्यापैकी होती, आणि कोड नसलेल्या, पण प्रामाणिकपणाबद्दल विद्यार्थ्यांशी सतत बोलणाऱ्या एका कॉलेजात ती फार कमी होती.

व्हर्जिनियाचंच उदाहरण घ्या. 2001 मध्ये तिथल्या भौतिकशास्त्राच्या लू ब्लूमफील्ड या प्राध्यापकांनी मागच्या काही सत्रांतले निबंध संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिले. सलग सहा शब्द जुळतात का, एवढंच त्यांचा प्रोग्रॅम बघत होता. सुरुवातीलाच 122 विद्यार्थी सापडले, चौकशीत प्रकरणं दीडशेच्या पुढे गेली आणि अखेर 48 जणांना विद्यापीठ सोडावं लागलं. कोड तेव्हा दीडशेहून जास्त वर्षांचा होता.

पाहणी सोडा. सही करून घेण्याचा प्रयोग कुणी केला आहे का?

केला आहे, आणि हा या विषयातला सगळ्यात नाट्यमय भाग आहे.

2008 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात विद्यार्थ्यांना कोडी सोडवून स्वतःच गुण सांगायचे होते. एमआयटीतल्या विद्यार्थ्यांना "ही पाहणी संस्थेच्या ऑनर सिस्टिमखाली येते" असं वाक्य वाचून सही करायला लावली, तर फसवणूक जवळपास नाहीशी झाली, असा निष्कर्ष होता. गंमत म्हणजे असा कोड तिथे नव्हताच. त्याच निबंधातला दुसरा प्रयोग, बायबलमधल्या दहा धर्माज्ञा आठवायला लावल्या की फसवणूक थांबते असं सांगणारा, 2018 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला. परिणाम सापडला नाही.

2012 मध्ये आणखी एक निबंध आला: फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घ्या, माणसं जास्त खरं लिहितात. जगभरच्या कार्यालयांनी हे उचललं. 2020 मध्ये त्याच लेखकांना तो परिणाम पुन्हा मिळाला नाही, आणि 2021 मध्ये त्यातली मोटार विम्याची आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं. निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनात खोटे आकडे, यावर वेगळं काही बोलायला नको.

खऱ्या परीक्षेतला प्रयोग जर्मनीतल्या एका विद्यापीठात झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही विद्यार्थ्यांकडून "मी कॉपी करणार नाही" अशी सही घेतली, काहींकडून नाही. सही केलेल्यांत कॉपी वाढली. बारीक देखरेख ठेवलेल्या वर्गात मात्र ती थांबली. सहीमुळे वाढावी कशी? मला पटणारं उत्तर असं, की कागद पुढे आला की मुलांच्या डोक्यात येतं, इथे सही घेण्याइतकी कॉपी चालते वाटतं. म्हणजे पुन्हा "सगळेच करतात".

ऑनलाइन परीक्षांवरच्या 2015 च्या एका अभ्यासातही कोड वाचायला लावण्याचा फारसा उपयोग झाला नाही. पकडलं तर काय होईल, हे स्पष्ट सांगणारी सूचना त्याहून जास्त चालली.

मग सरळ पहारा वाढवावा?

वर्गातल्या परीक्षेपुरतं, हो. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या विद्यापीठात एका प्राध्यापकाला वर्गात कॉपी होतेय असा संशय आला. स्टीव्हन लेव्हिट आणि मिंग-जेन लिन या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तरपत्रिका तपासल्या. मधल्या परीक्षांत दहा टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याचं बघितल्याची चिन्हं मिळाली. शेवटच्या परीक्षेला बसायच्या जागा ऐन वेळी बदलून दिल्या आणि पर्यवेक्षक वाढवले. कॉपी जवळजवळ शून्यावर आली. भाषण नाही, शपथ नाही.

उत्तरपत्रिकेवरून शेजाऱ्याचं बघितलं हे कसं कळतं?

जुळणाऱ्या बरोबर उत्तरांवरून कळत नाही, दोघांचाही अभ्यास असू शकतो. जुळणाऱ्या चुका बघायच्या.

समजा बहुपर्यायी पेपर आहे, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. दोन मुलांचे तेच 10 प्रश्न चुकले आणि दहाही ठिकाणी दोघांनी तोच चुकीचा पर्याय निवडला. चुकीचे पर्याय तीन. ते सारखेच भुलवणारे असते, तर एका प्रश्नात जुळण्याची शक्यता एक तृतीयांश, आणि दहाही जुळण्याची 59,049 मध्ये एक. झालं, पकडला, असं वाटतं.

थांबा. चुकीचे पर्याय कधीच सारखे भुलवत नाहीत. चिन्ह विसरलं की येणारं उत्तर मुद्दाम पर्यायात ठेवलेलं असतं आणि चुकणाऱ्यांतले बरेच तिथेच जातात. ही शक्यता 0.6 धरली तर दहाही जुळण्याची शक्यता हजारात सहा होते. वर्गात 240 मुलं असतील तर जोड्या होतात 28,680. सोयीसाठी प्रत्येक जोडीला ही शक्यता लावली, तर निव्वळ योगायोगाने 170 च्या आसपास जोड्या "सापडतील". त्यातल्या बहुतेक जोड्यांतली मुलं वर्गाच्या दोन टोकांना बसलेली असतील.

म्हणून शेजारी बसलेल्या जोड्यांची तुलना लांब बसलेल्या जोड्यांशी करतात. शेजारच्या जोड्या 200 धरल्या, तर त्यात योगायोगाची एखादीच यायला हवी. पंधरा आल्या तर वर्गात कॉपी झाली हे नक्की. मात्र त्या पंधरांतली योगायोगाची एक कोणती, हे गणित सांगत नाही. वर्गाबद्दल खात्री देणारा आकडा एका मुलावर शिक्षा करायला पुरत नाही, आणि कोणी कोणाचं बघितलं हेही त्यातून कळत नाही. यासाठी आसनव्यवस्थेचा तक्ता मात्र जपून ठेवायला हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी पेपर संपताच टाकून देतात.

घरी सोडवायच्या पेपरचं काय? तिथे कुठला पहारा?

तिथे पहारा नसतो, आणि नियमही बहुधा धूसर असतात. 2012 मध्ये हार्वर्डमधल्या अमेरिकी काँग्रेसवरच्या एका कोर्सला 279 विद्यार्थी होते. घरी सोडवायचा पेपर होता: पुस्तकं, नोट्स, इंटरनेट सगळं उघडं, फक्त इतरांशी चर्चा करायची नाही. तपासताना उत्तरं सारखी वाटू लागली. दोन उत्तरपत्रिकांत "22, 500" या आकड्यात स्वल्पविरामानंतर तीच नको असलेली मोकळी जागा होती. साधारण 125 विद्यार्थ्यांची चौकशी झाली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना काही काळ कॉलेज सोडावं लागलं.

विद्यार्थ्यांचं म्हणणं असं होतं, की या कोर्सला सत्रभर नोट्स वाटून घेणं चालतच होतं. त्यात सोयीचा भाग असेलही, पण "सगळं उघडं" लिहून शेजारी "बोलू नका" लिहिलं की सीमा कुठे आहे हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो. हार्वर्डने 2015 पासून ऑनर कोड लागू केला. पेपरवर मात्र "नोट्स एकत्र काढल्या तर चालेल, उत्तराचा मसुदा एकमेकांना दाखवला तर नाही" असं एक वाक्य असतं, तर निदान कोण नियम तोडतंय हे त्याचं त्याला कळलं असतं.

मित्राने कॉपी केली तर कोड म्हणतो कळवा. कोणी कळवतं का?

क्वचित. व्हर्जिनियात फार वर्षं दोषी ठरलेल्याला एकच शिक्षा होती: कायमची हकालपट्टी. नियम कडक, म्हणून धाक मोठा, असा विचार. पण एका असाइनमेंटसाठी वर्गमित्राचं आयुष्य उधळायला कोण तयार होणार? तक्रार करणारा कचरतो, समितीही दोषी ठरवायला कचरते. 2022 मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून ही एकमेव शिक्षा काढली. स्टॅनफर्डमध्ये तर 2023 साली, शतकभराच्या प्रथेनंतर, परीक्षेत पर्यवेक्षक ठेवून पाहायला परवानगी दिली गेली.

आमच्या कॉलेजात सही चालू ठेवायची की बंद करायची?

सहीबरोबर काहीच येणार नसेल तर बंद करा. समितीवर विद्यार्थी येणार असतील, शिक्षा पायरीपायरीने असतील आणि वर्षाला किती प्रकरणांचं काय झालं हे नावं न घेता फलकावर लागणार असेल, तर ठेवा. यातलं शेवटचं सर्वात स्वस्त आहे आणि तेच कुणी करत नाही, बदनामीच्या धास्तीने.

फरक पडला का, हे मोजायचं कसं? मुलं खरं थोडीच सांगणार?

नाण्याची युक्ती वापरा. वर्गातल्या प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असलं तरी "हो" लिहायचं. काटा आला तर "या सत्रात परीक्षेत कॉपी केली का?" याचं खरं उत्तर लिहायचं. कुणाचाही "हो" बघून तो छाप्याचा की खरा, हे कळत नाही, म्हणून मुलं मोकळी होतात.

200 मुलांनी उत्तरं दिली आणि 130 "हो" आले. छापा साधारण 100 जणांना आला असणार, ते 100 "हो" वजा करा. उरले 30, तेही काटा आलेल्या 100 पैकी. म्हणजे कॉपीचं प्रमाण साधारण 30 टक्के. नाण्याचा हिशेब बरोबर निम्मा कधीच पडत नाही, त्यामुळे 200 मुलांत हा अंदाज सहज पाचसात टक्के इकडेतिकडे होतो. पुढच्या वर्षी 27 आले म्हणून सुधारणा झाली असं म्हणता येणार नाही, 12 आले तर म्हणता येईल. आणि प्रश्न दोन्ही वर्षी शब्दशः तोच ठेवा. "कॉपी केली का" याऐवजी "गैरप्रकार केला का" असं छापलंत तर दोन आकड्यांची तुलनाच होणार नाही.